नियम शिकवून तो फिरवणारी कोडी: 'बाबा इज यू' कसे वाचावे आणि अडकल्यावर काय करावे

कोड्यांचा व्हिडिओ गेम पहिल्यांदाच खेळणारा माणूस अडकला, की आपल्याला एखादी युक्ती माहीत नसावी असे त्याला वाटू लागते. चांगल्या खेळात कारण बहुतेक वेळा निराळे असते. खेळाने सांगितलेल्या नियमाला आपण नकळत आपल्या पदरची एक अट जोडलेली असते, आणि कोड्याचे उत्तर नेमके त्या अटीपलीकडे असते. ती जोडलेली अट शोधून काढण्याची रीत या लेखात एका खेळाच्या आधाराने सांगितली आहे. 'बाबा इज यू' हा तो खेळ. फिनलंडच्या आर्वी तेइकारी यांनी तो 2017 च्या नॉर्डिक गेम जॅम या थोड्या दिवसांत खेळ बनवण्याच्या मेळाव्यात छोट्या नमुन्याच्या रूपात केला, आणि मार्च 2019 मध्ये तो संगणकासाठी व निंटेंडो स्विच या खेळयंत्रासाठी पूर्ण रूपात आला. पुढे 2021 मध्ये तो मोबाईलवरही उपलब्ध झाला. त्यात दोनशेहून अधिक कोडी आहेत, पण ही रीत समजण्यासाठी सुरुवातीची दोनच पुरेशी आहेत.

या खेळाचे मूळ 'सोकोबान' या जपानी खेळात आहे, आणि तो 1982 मध्ये थिंकिंग रॅबिट या कंपनीने प्रसिद्ध केला. गोदामातला कामगार खोकी ढकलून ठरलेल्या जागी नेतो, एवढाच त्याचा विषय. खोके ढकलता येते, ओढता येत नाही, आणि एका वेळी एकच खोके ढकलता येते, इतकेच त्याचे नियम आहेत. मात्र त्यांतून न सांगितलेली एक गोष्ट आपोआप निघते: खोके कोपऱ्यात गेले की ते कायमचे अडकले, कारण त्याला बाहेर ढकलण्यासाठी जिथे उभे राहावे लागेल तिथे भिंत आहे. खोके कोपऱ्यातून निघत नाही असा स्वतंत्र नियम खेळाने कुठेही लिहिलेला नसतो, तो मूळ नियमाचा परिणाम असतो. नियम आणि परिणाम यांतला हा फरक नव्या खेळाडूने आधी मनात पक्का करावा. नियम खेळ सांगतो, पण परिणाम आपल्यालाच शोधावे लागतात, आणि पुढची सगळी कोडी त्या परिणामांवर रचलेली असतात.

'बाबा इज यू'मध्ये नियमसुद्धा पटावरच पडलेले असतात. इंग्रजी शब्दांचे ठोकळे पटावर मांडलेले असतात आणि तीन ठोकळे ओळीने जुळले की त्यांचे वाक्य होते. `BABA IS YOU` हे वाक्य जुळलेले आहे तोवर बाबा नावाचा छोटा पांढरा प्राणी आपल्या हातात असतो. `WALL IS STOP` असेल तर भिंत अडवते, `ROCK IS PUSH` असेल तर दगड ढकलता येतो आणि `FLAG IS WIN` असेल तर झेंड्याला पोहोचल्यावर कोडे सुटते. वाक्य डावीकडून उजवीकडे किंवा वरून खाली वाचले जाते. शब्दांचे ठोकळे नेहमीच ढकलता येतात, त्यासाठी निराळे वाक्य लागत नाही. एक ठोकळा ओळीतून सरकवला की वाक्य मोडते, आणि त्याच क्षणी तो नियम लागू राहत नाही.

पहिल्या कोड्यात वर सांगितलेली चारही वाक्ये जुळलेली असतात. बाबा आणि झेंडा यांच्यामध्ये दगड असतात. ते ढकलून पुढे गेले आणि झेंडा गाठला की कोडे सुटले. एकही वाक्य बदलावे लागत नाही. हे कोडे इतके सोपे का ठेवले असावे, याकडे लक्ष द्यावे. येथे रचनाकाराला आपल्याकडून काही सोडवून घ्यायचे नाही. चार वाक्ये आणि चार वागणुकी एकाच वेळी आपल्या डोळ्यांसमोर याव्यात, एवढाच हेतू आहे. मात्र याच सोप्या कोड्यात आपण काही चुकीचे धडेही घेतो. भिंत म्हणजे अडथळा, झेंडा म्हणजे विजय, बाबा म्हणजे मी. यांतले एकही विधान खेळाने केलेले नाही. खेळाने एवढेच म्हटले होते की ती वाक्ये जुळलेली असेपर्यंत तसे घडेल.

लगेच पुढच्या कोड्याचे नाव `Where do I go?` असे आहे. येथे बाबा भिंतींच्या आत अडकलेला आहे आणि बाहेर पडायला वाट नाही. पहिले कोडे डोळ्यांपुढे ठेवून आपण वाट शोधत फिरत राहिलो, तर ती कधीच सापडत नाही. पण `WALL IS STOP` हे वाक्य हाताच्या अंतरावर असते. त्यातला एक शब्द सरकवला की भिंती दिसत राहतात, फक्त अडवत नाहीत. बाहेर आल्यावर झेंड्याला जाऊन भिडले तरी काही होत नाही, कारण `FLAG IS WIN` हे वाक्य जुळलेले नसते. ते शब्द सुटे पडलेले असतात आणि ते जुळवल्यावरच झेंड्याला अर्थ येतो. नियम तेच, शब्द तेच, चित्रे तीच, फक्त पहिल्या कोड्यातून आपण मनाने घेतलेला धडा येथे पाडला जातो. नवा नियम न आणता जुन्या नियमाचाच न पाहिलेला परिणाम समोर आणणे ही या रचनेतली खरी कारागिरी आहे, आणि चांगला खेळ ओळखण्याची माझी पहिली कसोटी हीच आहे. उत्तर सापडल्यावर "हे तर पहिल्यापासून समोरच होते" असे वाटले पाहिजे. "हे मला कळणार तरी कसे होते?" असे वाटले तर रचनेत काहीतरी उणे आहे.

आता अडकल्यावर काय करावे, ते प्रत्यक्ष एका कोड्यावर पाहू. खालचा पट मी या लेखासाठी रचला आहे, पण नियम सगळे त्या खेळातलेच आहेत. `b` म्हणजे बाबा, `F` म्हणजे झेंडा, `#` म्हणजे भिंत आणि टिंब म्हणजे मोकळे घर. पटाची कड कोणत्याही वाक्याशिवाय अडवते.

```
BABA IS   YOU  .    .    FLAG .    .
.    .    .    .    .    IS   .    .
.    .    .    .    .    WIN  .    .
.    #    #    #    .    .    .    .
.    #    F    #    .    .    b    .
.    #    #    #    .    .    .    .
.    .    .    .    .    WALL IS   STOP
```

झेंडा चारही बाजूंनी भिंतीत आहे. मागच्या कोड्यातून आलेला खेळाडू सरळ खालच्या `WALL IS STOP` कडे जाईल आणि त्यातला एखादा शब्द सरकवू पाहील. वरून ढकलले तर खाली कड आहे. डावीकडून ढकलले तर तिन्ही शब्द एकमेकांना टेकलेले आहेत आणि शेवटचा `STOP` कोपऱ्यात आहे, त्यामुळे तिकडूनही काही हलत नाही. खालून किंवा उजवीकडून ढकलायला उभे राहण्याची जागाच नाही. सोकोबानमधला कोपऱ्याचा परिणाम येथे पुन्हा भेटतो: कोपऱ्यात बसवलेले वाक्य मोडता येत नाही. कोपऱ्यातले वाक्य हा रचनाकाराचा स्पष्ट निरोप आहे की हा नियम या कोड्यात कायम राहणार, त्यावर वेळ घालवू नका. म्हणून अडकल्यावर पहिली पायरी हीच असावी. चालणे थांबवावे, पटावरचे प्रत्येक वाक्य वाचावे आणि ठरवावे की कोणते मोडता येते आणि कोणते येत नाही. जुळलेल्या वाक्यांचे शब्द पडद्यावर उजळ दिसतात आणि सुटे शब्द मंद, त्यामुळे हे वाचन सोपे जाते. आपल्या पटावर `BABA IS YOU` हेसुद्धा वरच्या डाव्या कोपऱ्यात आहे, म्हणजे तेही पक्के आहे. मोडता येईल असे वाक्य एकच उरते, उभे लिहिलेले `FLAG IS WIN`.

या पायरीवर पुष्कळ जण बिचकतात, कारण जिंकण्याचे वाक्यच मोडायचे हे मनाला पटत नाही. म्हणून दुसरी पायरी शेवटाकडून मागे येण्याची ठेवावी. आपण कुठे जाऊ शकतो हा प्रश्न बाजूला ठेवून, कोडे सुटण्याच्या क्षणी नेमके काय खरे असले पाहिजे, हे एका वाक्यात लिहावे. नवा खेळाडू लिहील, "बाबा झेंड्याच्या घरात असला पाहिजे." खेळाचा नियम मात्र असे म्हणत नाही. ज्याला `YOU` लागू आहे आणि ज्याला `WIN` लागू आहे ते एकाच घरात असले पाहिजेत, एवढेच तो म्हणतो. पहिल्या वाक्यात बाबा आणि झेंडा ही दोन नावे आपण घातली, आणि हीच ती पदरची अट.

अट काढून टाकली की शक्यता मोजता येतात. आपण झेंड्यापाशी जाऊ शकतो, पण ते भिंतीमुळे शक्य नाही. झेंडा आपल्याकडे येऊ शकतो, पण त्याला हलवणारे वाक्य पटावर नाही. आपण दुसरेच काहीतरी होऊ शकतो, पण `YOU` कोपऱ्याच्या वाक्यात अडकलेला आहे. दुसऱ्याच कशाला तरी `WIN` लागू करता येईल का? त्यासाठी एक नाव, एक `IS` आणि `WIN` एवढे लागेल. आता शब्दांची यादी करावी. पटावर नावे तीनच आहेत: `BABA`, `FLAG`, `WALL`. `WALL` खाली कोपऱ्याच्या वाक्यात बसलेला आहे, आणि `WALL IS WIN` झाले असते तरी भिंत अडवते आहे तोवर तिच्या घरात शिरता आले नसते. उरतो `BABA`. बाबालाच `WIN` लागू झाले, तर बाबा `YOU` सुद्धा आहे आणि `WIN` सुद्धा, आणि तो स्वतःच्या घरात तर आहेच.

`BABA` हा शब्द हलत नाही, पण त्याच्या खालची दोन घरे मोकळी आहेत आणि वाक्य उभेही वाचले जाते. म्हणजे एकच `BABA` आडव्या आणि उभ्या अशा दोन वाक्यांचा पहिला शब्द होऊ शकतो. चाली अशा करायच्या: बाबा सातव्या स्तंभात आहे, तिथूनच वर जात दुसऱ्या ओळीत, म्हणजे `IS` च्या उजवीकडे यायचे. तिथून डावीकडे पाच वेळा ढकलले की `IS` सहाव्या स्तंभातून पहिल्या स्तंभात, थेट `BABA` च्या खाली येतो. मग दुसऱ्या ओळीतूनच परत सातव्या स्तंभात यायचे, एक घर खाली उतरायचे आणि `WIN` ला तसेच पाच वेळा डावीकडे ढकलायचे. पाचव्या ढकलीला पहिल्या स्तंभात `BABA IS WIN` जुळते आणि कोडे सुटते. झेंड्याची गरजच पडली नाही.

या पटावर चुकण्याची जागाही पाहून ठेवावी, कारण तसा प्रसंग खऱ्या कोड्यांत वारंवार येतो. एखाद्याने `WIN` ला डावीकडून उजवीकडे ढकलत पटाच्या कडेला नेले, तर तो तिथून पुन्हा डावीकडे येणार नाही, कारण ढकलण्यासाठी त्याच्या उजवीकडे उभे राहता येत नाही. कडेने वर-खाली तेवढा तो सरकेल. म्हणजे कोडे अजून चालू दिसते, बाबा फिरतो आहे, पण उत्तर केव्हाच हातातून गेले आहे. हे ओळखण्यासाठी एकच प्रश्न पुरतो: मला हवा असलेला शब्द कडेला टेकला आहे का, आणि असेल तर त्याच कडेवर त्याचे काम आहे का? काम नसेल तर पुढे खेळण्यात अर्थ नाही, मागे यावे. संगणकावर `Z` दाबले की एक चाल मागे घेतली जाते आणि कितीही चाली मागे घेता येतात. `R` दाबले की कोडे मुळापासून सुरू होते. नवख्यांना मी `Z` जास्त वापरायला सांगतो, कारण एकेक पाऊल मागे येताना नेमकी कुठली चाल घातक होती ते दिसते, आणि `R` ने ते दिसत नाही.

चाल मागे घेता येते म्हणून तिसरी पायरी प्रयोगाची करता येते, पण प्रयोग एका प्रश्नासाठी असावा. "हे सरकवून पाहू" एवढ्याने काही कळत नाही. "हा `IS` काढला तर पटावर काय बदलते?" असे विचारून तो काढावा, पाहावे आणि मागे यावे. या खेळात धोक्याचे वाटणारे प्रयोगही करावेत. `BABA IS YOU` मोडले तर हातात काहीच उरत नाही, पण तेही `Z` ने परत मिळते. `ROCK IS FLAG` असे दोन नावांचे वाक्य जुळवले तर पटावरचे सगळे दगड झेंडे होतात. `WALL IS YOU` केले तर सगळ्या भिंती एकदम आपल्या हुकमाने चालू लागतात. हे परिणाम एकदा डोळ्यांनी पाहिले की पुढच्या कोड्यात ते शक्यतांच्या यादीत आपोआप येतात. न पाहिलेला परिणाम यादीत येतच नाही, आणि मग यादी पूर्ण वाटत असूनही उत्तर तिच्या बाहेर राहते.

प्रयोगांनीही सुटत नसेल तर "सुटत नाही" यापेक्षा नेमके वाक्य लिहावे: "मला आणखी एक `IS` हवा आहे," किंवा "शब्द ढकलायला मला त्याच्या वर एक घर हवे आहे." असे वाक्य हाती आले की कोडे लहान होते. आता प्रश्न एवढाच उरतो की तो `IS` कुठून येईल, किंवा आहे तोच दोन वाक्यांत वापरता येईल का. आपल्या पटावर `BABA` हा शब्द असाच दोन वाक्यांना मिळून वापरला गेला. एकच शब्द आडव्या आणि उभ्या वाक्यात वाटून घेणे हा या खेळातला सर्वांत उपयोगी परिणाम आहे, आणि बहुतेक नवखे त्यालाच सर्वांत उशिरा पोहोचतात.

मात्र वरच्या सगळ्या पायऱ्या एक गोष्ट गृहीत धरतात, की नियम आपल्याला माहीत आहे आणि परिणाम दिसत नाही. काही वेळा नियमच माहीत नसतो, आणि तिथे विचार करून काही मिळत नाही. 2016 मध्ये आलेल्या जोनाथन ब्लो यांच्या 'द विटनेस' या खेळात हे स्पष्ट दिसते. एका बेटावर फिरत फळ्यांवर रेघ ओढून कोडी सोडवायची असतात आणि नियम शब्दांत कुठेही सांगितलेले नसतात. ओळीने मांडलेल्या सोप्या फळ्या तो नियम शिकवतात, उदाहरणार्थ काळे आणि पांढरे चौकोन रेघेने वेगळे करायचे असतात. बेट बरेचसे मोकळे असल्याने, अजून न शिकलेले चिन्ह असलेल्या फळीपुढे आपण सहज येऊन उभे राहतो. तिथे झगडत बसणे व्यर्थ असते. ते चिन्ह कुठे शिकवले आहे, ती फळ्यांची रांग शोधायला निघावे.

हे दोन प्रकार वेगळे करण्याची खूण अशी: पटावरच्या प्रत्येक गोष्टीबद्दल "हिच्यावर मी गेलो तर काय होईल?" असे विचारावे. सगळ्यांचे उत्तर देता आले तर परिणाम शोधायचा आहे, तेव्हा त्याच कोड्यात राहावे. एखाद्याही गोष्टीचे उत्तर येत नसेल तर नियम शिकायचा आहे. 'बाबा इज यू'मध्ये `SINK` हा शब्द पहिल्यांदा भेटतो तेव्हा असेच होते. `WATER IS SINK` असताना पाण्यात दगड ढकलला तर दगड आणि ते पाणी दोन्ही नाहीसे होतात, आणि बाबा गेला तर बाबाही जातो. हे विचाराने कळणार नाही, एक दगड ढकलून पाहिला की कळते.

कोडे सोडून देणे हीसुद्धा एक चाल आहे, आणि या खेळात ती रचनेतच ठेवलेली आहे. नकाशावर एका वेळी अनेक कोडी उघडी असतात, आणि पुढचा भाग उघडण्यासाठी आधीच्या भागातली सगळी सोडवावी लागत नाहीत. शेजारचे कोडे अनेकदा तोच परिणाम सोप्या रूपात दाखवते, म्हणून दुसरीकडे जाऊन परत येण्याने खरोखर फरक पडतो.

तरीही मदत घ्यायची असेल तर ती तुकड्यांनी घ्यावी. खेळलेल्या मित्राला पूर्ण उत्तर विचारू नये. "यातले कुठले वाक्य मोडायचे नाही?" हा पहिला प्रश्न, आणि "शेवटी `WIN` कोणाला लागू असते?" हा दुसरा. वरच्या पटावर दुसऱ्या प्रश्नाचे "बाबाला" एवढेच उत्तर मिळाले असते, तर चाली आपल्या आपण निघाल्या असत्या. पूर्ण उत्तर पाहावेच लागले तर पाहून झाल्यावर कोडे `R` ने पुन्हा सुरू करावे, ते न पाहता सोडवावे आणि आपली चुकीची अट कोणती होती ते एका ओळीत वहीत लिहावे, उदाहरणार्थ "झेंड्यापर्यंत पोहोचलेच पाहिजे असे मी धरून चाललो होतो." पुढच्या वेळी अडकल्यावर नवे काही शोधण्याआधी ही यादी वरून खाली वाचावी, कारण रचनाकार एकदा पाडलेली अट थोड्या वेगळ्या वेषात पुन्हा समोर आणतात, आणि आपणही ती पुन्हा तितक्याच सहज जोडतो.